पॉइंट चार मिलिमीटर

बारावीच्या फिजिक्सचा पहिलाच धडा वर्तुळाकार गतीचा आहे. त्यात बँक केलेला रस्ता आहे, मौत का कुआं आहे आणि कोनिकल पेंडुलम आहे. माझी चुलत बहीण हे पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली तेव्हा मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम उरकत होतो. पुण्याहून चार दिवस कागलला आलो होतो, उरुसाला. घरात इंजिनिअर एकच, त्यामुळे तिच्या शंकांचा मी हक्काचा माणूस.

"दादा, ह्यातला m कुठं गेला?"

प्रश्न साधा होता. दोरीला वजन बांधून ते आडव्या वर्तुळात फिरवायचं. दोरी फिरताना शंकूचा आकार करते. एका फेरीला लागणारा वेळ पुस्तकात असा दिलाय:

```
T = 2π √(L cosθ / g)
```

L म्हणजे दोरीची लांबी, θ म्हणजे दोरीचा उभ्या रेषेशी कोन. यात वजन कुठंच नाही. मी सांगितलं, "दोन्ही बाजूंनी कॅन्सल होतं." ती म्हणाली, "ते दिसतंय की. पण का होतंय?"

मी मेकॅनिकलची डिग्री घेतलेला आणि पहिल्याच कॅम्पसला सॉफ्टवेअरमध्ये गेलेला माणूस. हे सूत्र मी थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरात आणि तोंडी परीक्षेत लिहिलंय. पण तिला दिलेलं उत्तर मला स्वतःलाच पटेना. बाहेर पायरीवर आण्णा चहा पीत बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणार. म्हणाले, "शेडची चावी माझ्याकडंच हाय. चला, टांगून बघू की."

आण्णा पंचतारांकित एमआयडीसीतून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. आता मित्राच्या जॉबवर्कच्या शेडमध्ये आठवड्यातून दोन-तीन दिवस जातात. या वसाहतीत इंजिनांचं काम भरपूर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा कारखाना इथंच आहे, फौंड्र्या आहेत, आणि मशिनिंगची लहान शेडं तर मोजायलाच नकोत. आण्णांच्या मित्राची शेड त्यातली एक: तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, कोपऱ्यात उघडून ठेवलेली दोन-तीन डिझेल इंजिनं. त्या दिवशी सुट्टी होती, शेडमध्ये कोणी नव्हतं.

मी चेनपुलीच्या हुकाला सुतळी बांधायला गेलो. आण्णांनी हात धरला. "हुकाला नको. हूकच हलतंय. वरचा पॉइंट जाग्याला पाहिजे." मग घोडा लावून गर्डरच्या एका बोल्टला बांधली. खाली तीस एमएमचा नट. सुतळीचा फास नटातून घेऊन वर गाठ मारली आणि बोल्टपासून बरोबर एक मीटर मोजला. जमिनीवर आण्णांनी खडूनं पन्नास सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं.

आधी कागदावर. दोरी एक मीटर, त्रिज्या अर्धा मीटर, म्हणजे कोन ३० अंश. दोरीचा ताण तिरका असतो. त्याचा उभा भाग नटाचं वजन पेलतो आणि आडवा भाग नटाला आत खेचून वर्तुळात वळवतो. ताणाला F म्हटलं तर:

```
F cosθ = m g
F sinθ = m v² / r
```

खालच्याला वरच्यानं भागलं की `tanθ = v²/(r g)`. इथंच m जातो, आणि बहिणीची अडचण नेमकी याच ओळीशी होती. मी तिला म्हणालो, नट जड केला तर त्याला वळवायला जास्त जोर लागेल हे खरं. पण तो जोर देणार कोण? तिरकी दोरी. आणि दोरीत ताण कशानं येतो? नटाच्या वजनानंच. नट दुप्पट जड झाला की वळवायचं काम दुप्पट होतं आणि ते काम करणारा ताणही आपोआप दुप्पट होतो. मागणी आणि पुरवठा एकाच खिशातून, त्यामुळे कोनात फरक पडायचं कारण नाही.

तिनं मान हलवली, पण पुढं जाऊ दिलं नाही. "आणि r?"

r सुद्धा जातो. बोल्टपासून सरळ खाली, नट फिरतो त्या पातळीपर्यंतच्या उभ्या अंतराला h म्हणू. तो, r आणि दोरी मिळून काटकोन त्रिकोण होतो, त्यात `tanθ = r/h`. हे वर घातलं की `v² = g r²/h`. एका फेरीला लागणारा वेळ म्हणजे परीघ भागिले वेग, `2πr/v`. वर r, खाली r. उरतं ते एवढंच:

```
T = 2π √(h / g)
```

पुस्तकातला L cosθ म्हणजे हाच h. पण पुस्तकात तो दोन अक्षरांत फोडून लिहिल्यामुळे वाटतं की लांबी आणि कोन या दोन गोष्टींवर फेरीचा वेळ ठरतो. खरं तर एकाच गोष्टीवर ठरतो. मला हे दिसलं तेव्हा मी ते तिला आधीपासून माहीत असल्यासारखं सांगितलं, हे इथं कबूल करून टाकतो.

आमचा h निघाला ८६.६ सेंटिमीटर, T निघाला १.८७ सेकंद. दहा फेऱ्यांना १८.७.

नट वर्तुळात सोडणं वाटतं तितकं सोपं नाही. तो नुसता मागे ओढून सोडला तर झोका होतो. बाजूला ढकलावा लागतो, आणि तोही नेमक्या वेगानं. अर्ध्या मीटरच्या वर्तुळाला सेकंदाला साधारण १.७ मीटर. कमी पडला की वर्तुळाऐवजी लांबट लंबवर्तुळ होतं. माझे तीन प्रयत्न वाया गेले. आण्णांनी पहिल्याच फेकीत गोल फिरवला, खडूच्या रेघेवर. बहीण मोबाइलचं स्टॉपवॉच धरून उभी. दहा फेऱ्या: १९.३ सेकंद.

परत केलं. १९.३. अजून एकदा, १९.२.

सहा दशांशांचा फरक. मी म्हणालो, हवेचा विरोध असेल, बोट उशिरा दाबलं जात असेल. तिच्या जर्नलसाठी चालून गेलं असतं. आण्णांनी सुतळी हातात घेतली. "मीटर कुठंपर्यंत मोजलायस?"

"गाठीपर्यंत."

"आणि फिरतंय काय? गाठ का नट?"

गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत फास धरून चार सेंटिमीटर होते. म्हणजे आमची दोरी १.०४ मीटरची होती. तिचा h काढला तर ९१ सेंटिमीटर, आणि दहा फेऱ्या १९.२. बोटाचा उशीर असता तर तो कधी इकडे कधी तिकडे गेला असता. आमचा आकडा तिन्ही वेळा एकाच बाजूला चुकत होता, म्हणजे चूक मोजपट्टीत होती. सुतळी आखडून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर केली. आता १८.८ आले. उरलेला एक दशांश कुठून आला तेही बहिणीनंच पकडलं. तिनं वरून वाकून बघितलं, तर दहाव्या फेरीला नट रेघेच्या आत चार बोटं आला होता. वर्तुळ आक्रसलं की नट खाली उतरतो, h वाढतो, फेरी जरा सावकाश होते.

मग आम्ही खेळतच बसलो. मोठा नट काढून सोळा एमएमचा लावला, मध्यापर्यंत तोच एक मीटर. पुन्हा १८.८. दहा सेंटिमीटरचं चिमुकलं वर्तुळ केलं तर दहा फेऱ्यांना २० सेकंद. साठ सेंटिमीटरचं केलं (आण्णांना सहा-आठ-दहाचा गुण्या पाठ, h ऐंशी हे त्यांनी तोंडीच सांगितलं) तर १८. आणि मग माझ्या डोक्यात आलं ते करून बघितलं: त्याच बोल्टला शेजारी ऐंशी सेंटिमीटरची दुसरी सुतळी, तिचं वर्तुळ अगदी लहान. एक मीटरवाला नट लांबून धावत फिरतोय, ऐंशीवाला जवळजवळ जाग्यावर घुटमळतोय, आणि दोघांच्या फेऱ्या जोडीनं पूर्ण होतायत. दोरी वेगळी, कोन वेगळा, वेग वेगळा. पातळी तेवढी एक. मोठं वर्तुळ आक्रसायला लागलं की जोडी तुटते, पण पाच-सहा फेऱ्या चांगल्या दिसतात.

हे गणित ख्रिस्तियान हॉयगेन्सनं १६५९ साली केलंय. तो घड्याळं बनवणारा माणूस होता, त्याला वेळेत रस होता. पुढं हेच उपकरण उलटं वापरलं गेलं. फेरीचा वेळ h वर ठरत असेल, तर वेग बदलला की h बदललाच पाहिजे. म्हणजे फिरणारे गोळे वर-खाली होऊन यंत्राचा वेग सांगतात. पवनचक्क्यांत ही युक्ती आधीपासून होती. जेम्स वॅटनं १७८८ मध्ये ती वाफेच्या इंजिनाला जोडली. इंजिन पळायला लागलं की गोळे वर जाणार, दांडा ओढला जाणार, वाफेची झडप मिटणार. याला गव्हर्नर म्हणतात.

गव्हर्नर हा शब्द आला आणि मला ती तोंडी परीक्षा आठवली.

तिसऱ्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला वॅट गव्हर्नरची उंची विचारली होती. मी फाडकन सांगितलं: `h = 895/N²`, N म्हणजे मिनिटाला फेरे, h मीटरमध्ये. वरच्याच सूत्राचं ते दुसरं रूप आहे. ते म्हणाले, "छान. तुमच्याकडे कोल्हापुरात डिझेल इंजिनं बनतात ना? पंधराशे आरपीएमला काढा." मी कागदावर काढलं. ०.०००४ मीटर आलं. पॉइंट चार मिलिमीटर. गव्हर्नरची उंची नखाएवढीही नाही! मला वाटलं दशांश चिन्ह चुकलं. मी ते खोडलं, दोन शून्यं काढली आणि चार सेंटिमीटर लिहून कागद पुढं केला. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, पुढच्या मुलाला बोलावलं. पास झालो. मार्क बरे होते. नंतर कधीतरी लक्षात आलं की खोडलेलं उत्तर बरोबर होतं, पण ते बरोबर असेल तर त्याचा अर्थ काय, हे बघायला मी परत गेलो नाही. तोवर प्लेसमेंट झाली होती.

हे मी आण्णांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शेडमध्ये सांगितलं. ते हसले नाहीत. कोपऱ्यातल्या उघड्या इंजिनाकडं गेले आणि टाइमिंग गिअरच्या बाजूनं हात घालून एक जोडगोळी बाहेर काढली. दोन लोखंडी वजनं, एल आकाराच्या दांड्यांवर, आणि मध्ये जाड स्प्रिंग.

"हे बघ. ह्यात गोळं टांगलेलं हायत का?"

नव्हते. पिनेवर बसवलेले होते, स्प्रिंगच्या विरुद्ध उघडणारे.

आता गणित स्वतःच बोलायला लागलं. मिनिटाला साठ फेऱ्यांना h सुमारे पंचवीस सेंटिमीटर. एकसष्ट केल्या तर तो आठ मिलिमीटरनं कमी होतो. एका फेरीच्या फरकाला आठ मिलिमीटर हालचाल म्हणजे दांडा ओढायला भरपूर. वॅटची इंजिनं सावकाश चालायची, त्याचं भागलं. दीडशे फेऱ्यांना h चार सेंटिमीटरवर येतो. (मी परीक्षेत लिहिलेलं उत्तर दीडशेचं होतं, पंधराशेचं नव्हे.) हजारला ०.९ मिलिमीटर, पंधराशेला ०.४. म्हणजे इंजिन हजारवरून पंधराशेवर गेलं तरी गोळे अर्धा मिलिमीटरच हलणार. पिनेतल्या घर्षणात आणि ढिलाईत ते कुठंच जाईल. गव्हर्नरला वेग कळणारच नाही.

कारणही समोर होतं. पाच सेंटिमीटर त्रिज्येवर पंधराशे आरपीएमनं फिरणाऱ्या वजनाला वळवायला त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे सव्वाशे पट जोर लागतो. तो जोर गुरुत्वाकर्षणातून काढायचा तर दोरी जवळजवळ आडवीच व्हावी लागते. पूर्ण आडवी कधीच होत नाही, कारण वजन पेलायला थोडा तरी उभा भाग लागतो. पण साडेएकोणनव्वद अंशावर गेलेल्या दांड्याला अजून वर जायला जागाच कुठंय? म्हणून डिझेल इंजिनात आत खेचायचं काम वजनाकडून काढून स्प्रिंगला दिलं. पॉइंट चार मिलिमीटर हे चुकीचं उत्तर नव्हतंच. टांगलेले गोळे इथं चालणार नाहीत, असं ते उत्तर सांगत होतं.

बहीण इतका वेळ वजनं हातात तोलत होती. म्हणाली, "मग आता m कॅन्सल होणार नाही."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "खेचतंय स्प्रिंग. स्प्रिंगला काय माहीत वजन किती हाय ते."

बरोबर. वजन हलकं केलं तर वळवायचा जोर कमी लागेल, पण स्प्रिंग तेवढीच जोरात दाबणार. मागणी आणि पुरवठा आता वेगळ्या खिशांतून.

यावर आण्णांनी एका जनरेटरची गोष्ट सांगितली. मालकाची तक्रार होती की दुरुस्तीनंतर फ्रिक्वेन्सी जास्त दाखवतोय. पंधराशे आरपीएमला पन्नास हर्ट्झ यायला पाहिजेत, येत होते साडेबावन्नच्या पुढं. आधीच्या मेकॅनिकनं स्प्रिंग सैल करून बघितली होती. त्यानं आकडा खाली आला, पण मग लोड पडला की इंजिन वर-खाली डचमळायला लागलं. आण्णांनी गव्हर्नर उघडला. स्प्रिंग बरी होती, पिना बऱ्या होत्या. मग दोन्ही वजनं शेजारच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. दोनशे ग्रॅमची पाहिजेत, भरली एकशे ऐंशी. कुणीतरी दुसऱ्या मॉडेलची घातली होती. बघायला सारखीच.

"तुम्हाला कसं कळलं वजन बघायचं?"

"वेग सारखा जास्त होता. कमी-जास्त न्हाई, सारखा. म्हंजे अडकत काय न्हाई. सेटिंगच दुसरं हाय."

सुतळीच्या वेळी त्यांनी हेच केलं होतं: चूक एकाच बाजूला आहे का बघितलं. मी फोनवर गणित केलं. स्प्रिंग तीच, त्रिज्या तीच, तर `m ω²` तेवढंच राहायला पाहिजे. म्हणजे वेग वजनाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात. २०० भागिले १८० चं वर्गमूळ १.०५४. पंधराशेचे १५८१ आरपीएम, पन्नासचे ५२.७ हर्ट्झ. आण्णांना स्क्रीन दाखवली. "एवढंच असंल," म्हणाले, आणि घोडा उचलून भिंतीला लावायला गेले.

मी त्या वजनांकडं बघत राहिलो. बारा वर्षं शाळा, चार वर्षं कॉलेज, आणि हा भाग ज्या घरात रोज उघडला-मिटला जायचा त्या घरातून मी हे शिकायला बाहेर गेलो होतो. आण्णांना मी एमआयडीसीत यावं असं वाटायचं. त्यांनी ते एकदाच बोलून दाखवलं होतं. मीही एकदाच नाही म्हणालो होतो.

शेड बंद करून निघालो. वाटेत उरुसात थांबलो, बहिणीला भजी खायची होती. तिथं साखळ्यांना खुर्च्या टांगलेला मोठा पाळणा फिरत होता. भरलेल्या खुर्च्या आणि मधल्या दोन रिकाम्या, सगळ्या सारख्याच कलल्या होत्या. तिनं ते बघितलं आणि काही विचारलं नाही. फोन काढून फेऱ्या मोजल्या. एका फेरीला सहा सेकंद.

"दादा, पण इथं साखळी मधल्या खांबाला न्हाई. बाहेरच्या रिंगला हाय. मग h कुठनं मोजायचं?"

हे मला येत होतं. वॅट गव्हर्नरच्या धड्यात असतं: दांडे मध्यावर टांगलेले नसले तर त्यांची रेघ तशीच वर वाढवायची. ती मधल्या उभ्या रेषेला जिथं मिळेल, तिथून h. कोनाचं गणित तेच राहतं.

तिनं भज्याच्या कागदावर करून बघितलं. सहा सेकंदांना नऊ मीटर. मग तळहात आडवा धरून एका साखळीच्या रेघेवर डोळा लावला आणि ती रेघ वर सरकवत नेली, रंगीत छताच्या वर, लाइटच्या माळांच्याही वर, जिथं काहीच नव्हतं.

"तिथं," ती म्हणाली.

आण्णांनी पण मान वर केली.